मोरीतली गळकी तोटी: वायसर बदलूनही थेंब परत का आला

## पार्श्वभूमी

मी दर्यापूर आणि आजूबाजूच्या गावांमध्ये नळाची, टाकीची, मोटारीची कामं करतो. हे प्रकरण त्याच भागातल्या एका घरचं आहे. गाव आणि घर ओळखू येईल असं काही लिहिलेलं नाही. बाकी मोजमाप, चुका आणि निर्णय जसे झाले तसे मांडले आहेत.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांमध्ये हा पट्टा पसरला आहे. बोअर मारला तर पाणी लागतं, पण खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. म्हणून प्यायला, स्वयंपाकाला आणि जमलं तर आंघोळीलाही योजनेच्या नळाचं गोडं पाणीच लागतं. या गावात ते चौथ्या दिवशी सुटतं, सकाळी अकरा-बाराच्या सुमारास, आणि तासभर चालतं.

घरात पाच माणसं: आजी, दादा, ताई आणि दोन शाळकरी मुलं. स्लॅबवर दोन फुटांच्या ओट्यावर हजार लिटरची प्लास्टिकची टाकी. नळ सुटला की एका फेरीत ती जेमतेम भरते. हजार लिटर चार दिवस पुरवायचे म्हणजे रोजचे अडीचशे, माणशी पन्नास. जलजीवन मिशनमध्ये गावासाठी दरडोई रोज ५५ लिटर हे माप धरलेलं आहे, म्हणजे हे घर आधीच त्याच्या थोडं खाली होतं.

टाकीवरून एकच लाइन खाली येते. तिच्यावर दोन तोट्या आहेत. मागच्या मोरीत पितळेची जुनी अर्ध्या इंची तोटी, आटे फिरवून बंद होणारी. स्वयंपाकघरात चमकदार, पाव फेऱ्यात उघडणारी नवी तोटी. दोन्ही गळत होत्या, पण घरच्यांच्या तक्रारीत एकीचंही नाव नव्हतं.

## अडचण

मला बोलावलं ते दुसरी टाकी बसवायला. दादा म्हणाले, "भाऊ, चौथ्या दिवशी सकाळी सहालेच टाकी कोरडी पडते. पोरायची शाळा, आंघोळी, सगळं अडते. पाचशेची अजून एक टाकी ठेवून द्या." टाकी संपली की ते बोअरची मोटार लावून थोडं खारं पाणी वर चढवत. त्या खाऱ्या पाण्यानं तोट्यांच्या तोंडावर आणि आट्यांवर पांढरा थर धरला होता.

टाकीची जागा बघायला मी मागच्या दारानं गेलो, तेव्हा मोरीतला आवाज ऐकू आला. टप, टप, टप, एका लयीत. तोटीखालचा फरशीचा तुकडा थेंबांनी बशीसारखा गुळगुळीत झाला होता. आजी म्हणाल्या, "मी तं तिले रोज पिरगाळू पिरगाळू थकली. पण एवढ्याश्या थेंबानं टाकी कायची रिकामी होते बापा?"

आजींच्या या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. गळतं हे दिसत होतं. किती गळतं, आणि टाकी लवकर संपायला तेवढं पुरेसं आहे का, हे मोजल्याशिवाय सांगता येत नव्हतं. दुसऱ्या टाकीचं सांगायचं तर नळ तासभरच चालतो आणि त्यात हजार लिटर जेमतेम भरतात. पाचशेची टाकी आणली असती तरी तिच्यात पाणी कुठून येणार होतं? म्हणून दादांना म्हणालो, टाकीचं चार दिवसांनी ठरवू, आधी थेंब मोजू.

## थेंबाचं माप

थेंब मोजायला घड्याळ लागतं, आणि एका थेंबात पाणी किती हे कळावं लागतं. पहिली गोष्ट सोपी. टाकी आदल्या दिवशीच भरलेली होती. मोबाइलवर एक मिनिट लावून मोजले तर ७२ थेंब पडले.

गडबड होते ती दुसऱ्या गोष्टीत. औषधाच्या हिशेबात २० थेंबांचा एक मिलिलिटर धरतात. पण तो बारीक ड्रॉपरच्या टोकाचा थेंब असतो. नळाचं तोंड रुंद असतं, कडेला पाणी जमून थेंब मोठा होतो आणि मग सुटतो. पाणी वाया जाण्याच्या हिशेबांत कुठे कुठे थेंबाला पाव मिलिलिटर धरलेला दिसतो. या घरच्या ७२ थेंबांना पहिलं माप लावलं तर दिवसाला साधारण ५ लिटर येतात, दुसरं लावलं तर २६. एकाच तोटीचे दोन हिशेब आणि त्यांत पाचपट फरक. त्यावरून दुसरी टाकी घ्यायची की नाही हे कसं ठरणार?

म्हणून त्याच तोटीचा थेंब मोजला. घरात मुलांना औषध पाजायची दहा मिलिलिटरची बिनसुईची सिरिंज होती. वाटीत शंभर थेंब धरले आणि सिरिंजनं ओढून मोजले. दोन सिरिंज भरल्या, म्हणजे २० मिलिलिटर. एक थेंब ०.२ मिलिलिटरचा. मिनिटाला ७२ थेंब म्हणजे १४.४ मिलिलिटर, तासाला ८६४, दिवसाला जवळपास २१ लिटर.

हा आकडा टाकी भरलेली असतानाचा होता. टाकीतली पातळी उतरते तसा तोटीवरचा दाब कमी होतो आणि थेंब मंदावतात. म्हणून ताईंना सांगितलं, उद्या रात्री नऊला तोटीखाली स्वच्छ बादली ठेवा आणि पहाटे पाचला लिटरच्या मापानं मोजा, मध्ये तोटीला कोणी हात लावायचा नाही. त्यांनी नेमानं मोजलं. आठ तासांत ६ लिटर. तासाला ७५० मिलिलिटर, दिवसाला १८ लिटर. मिनिटाला किती थेंब पडले असतील ते उलटं काढलं तर ६२-६३ येतात. अर्धी उतरलेली टाकी धरली तर हे आधीच्या ७२ शी जुळतं. चार दिवसांच्या फेरीची सरासरी म्हणून मी हा १८ चाच आकडा धरला, कारण तो मोजून आलेला आहे आणि फेरीच्या मधल्या रात्रीचा आहे.

स्वयंपाकघरातल्या तोटीला जाळी आहे, थेंब वेडेवाकडे पडतात, मोजणी जमत नाही. तिथे तासभर पेला ठेवला. ९० मिलिलिटर भरलं, म्हणजे दिवसाला दोन लिटरच्या थोडं वर.

दोन्ही मिळून दिवसाला २० लिटर, चार दिवसांत ८०. पण गळलेलं सगळंच वाया गेलं, असं म्हणणं बरोबर नाही. दिवसा मोरीत बादली खाली असायची आणि ते पाणी वापरात यायचं. रात्री मोरी धुऊन बादल्या उपड्या घालायची या घरची पद्धत, म्हणून रात्रीचं सगळं नालीत. ताईंशी बोलून अंदाज धरला की मोरीतल्या गळतीचा तिसरा हिस्सा बादलीत सापडतो. मग खरं वाया जाणारं पाणी मोरीतून दिवसाला १२ लिटर आणि स्वयंपाकघरातून २. एका फेरीत ५५ ते ६० लिटर. घरची आंघोळीची बादली १६ लिटरची आहे. चौथ्या दिवशी सकाळी तिघांच्या आंघोळीचं पाणी आधीच नालीतून गेलेलं असायचं. सहाला टाकी कोरडी का पडते याचं बरंचसं उत्तर इथे मिळालं.

जमिनीत कुठे पाइप फुटलेला नाही ना, हेही त्याच रात्री बघून घेतलं. ताईंनी झोपताना आणि उठल्यावर टाकीत काठी बुडवून ओल्या खुणा केल्या. या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे नऊ-साडेनऊ लिटर. तोट्यांतून सहा-सात लिटर गेले असतील तर काठीवर सेंटिमीटरही उतरू नये, आणि उतरलंही सेंटिमीटरच्या आतच होतं. तीन-चार सेंटिमीटर उतरलं असतं तर आधी लाइन खोदायचा विचार करावा लागला असता. काठीनं थेंबांची गळती मोजता येत नाही, फरक फार बारीक पडतो. मोठी गळती नाही एवढी खात्री मात्र होते.

## काय करता आलं असतं

दादांना वाटत होतं, तोटीच बदलून टाकू. पितळेची चांगली तोटी चारशे-पाचशेला पडते, प्लास्टिकची शंभर-सव्वाशेला. मला धास्ती होती ती भिंतीतल्या जुन्या लोखंडी निपलची, म्हणजे तोटी लाइनला जोडणाऱ्या पाइपच्या आखूड तुकड्याची. पूर्ण तोटी काढायची तर ते निपल पिळलं जातं, गंजलेलं असेल तर भिंतीतच तुटतं. मग प्लास्टर फोडा, लाइन बदला, काम दोन दिवसांवर जातं. म्हणून अंग भिंतीतच ठेवून नुसतं डोकं काढायचं आणि वायसर बदलायचं ठरवलं. वायसर म्हणजे तोटीच्या आत पाणी अडवणारी रबरी चकती, ती दहा रुपयांना मिळते.

लाइन बंद कशी करायची, हा दुसरा प्रश्न. टाकीच्या तोंडाशी वॉल होता, पण क्षारानं जाम झालेला. जोर लावला तर वॉल फिरेल की टाकीची निपलच उपटून येईल, सांगता येत नव्हतं. आणि टाकीत त्या दिवशी सातशे-आठशे लिटर गोडं पाणी होतं. ते खाली सोडून काम करायचं मनात येणंसुद्धा या भागात पाप आहे. म्हणून काम चौथ्या दिवशीच्या सकाळवर ढकललं. तेव्हा टाकी आपसूक कोरडी असते. त्या सकाळी बोअरची मोटार लावू नका एवढंच सांगून ठेवलं. तोपर्यंत आणखी तीस-चाळीस लिटर गळणार होते, पण ताईंनी रात्रीही बादली लावायची तयारी दाखवली.

## पहिली दुरुस्ती

चौथ्या दिवशी सकाळी सातला पोहोचलो. आधी लिंबूसत्वाचं काम. चमचाभर लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून त्यात फडकं भिजवलं आणि तोटीच्या डोक्याभोवती तासभर गुंडाळून ठेवलं. पांढरा थर मऊ पडला. तसंच पान्यानं ओढलं असतं तर डोक्याचे कोपरे घासून गोल झाले असते.

मग तोटी अर्धी उघडली. हे विसरलं की आतलं जंपर, म्हणजे ज्याच्या टोकाला वायसर बसतं तो तुकडा, बैठकीवर, म्हणजे पाणी येण्याच्या भोकाच्या पितळी कडेवर, दाबलेलं राहतं, डोकं फिरताना त्याची दांडी वाकते नाहीतर आटे जातात. एका पाइप पान्यानं तोटीचं अंग घट्ट धरलं, दुसऱ्या पान्यानं डोकं सोडवलं. अंग धरलं नाही तर सगळा पीळ भिंतीतल्या निपलवर जातो.

डोकं निघालं, जंपर हातात आलं. त्याच्या टोकाला वायसर होतं ते दुकानातलं नव्हतंच. हवाई चपलेचं रबर कापून, मध्ये खिळ्यानं भोक पाडून कोणीतरी बसवलेलं. आमच्याकडे हा उपाय घरोघरी दिसतो आणि दुकान चौदा किलोमीटरवर असलं की माणूस तेच करणार. पण चपलेचं रबर फुगीर असतं, त्यात हवा असते. महिनाभरात ते दबून पातळ होतं. मग तोटी बंद करायला दरवेळी जास्त जोर लागतो, आणि जोर लावला की ते अजून दबतं. आजींचं पिरगाळणं त्यातूनच आलं होतं.

जंपरची चकती रॉकेलमध्ये बुडवून सैल केली, जुनं रबर काढलं, त्याच मापाचं नवं कडक वायसर बसवलं. अर्ध्या इंची तोटीसाठी म्हणून मी दोन जाडीची वायसरं आणली होती. त्यातलं जे जंपरच्या कडेपर्यंत बरोबर बसलं, बाहेर आलं नाही, ते घेतलं. बाहेर आलेलं वायसर तोटीच्या अंगाला घासतं आणि लवकर फाटतं. दांडीभोवतीचा दोरा सुकला होता, तोही बदलून टाकला. गळती तोंडातून नसून दांडीजवळून असती तर दोष तिथेच निघाला असता, वायसर बदलून काही झालं नसतं.

बाराला पाणी आलं, टाकी भरली. तोटी दोन बोटांनी बंद केली. सुरुवातीला पाच-सात थेंब पडले, ते तोंडात राहिलेलं पाणी. दहा मिनिटांनी कोरडा पेला खाली ठेवला आणि आणखी दहा मिनिटांनी पाहिला तर कोरडाच. मी निघालो.

स्वयंपाकघरातल्या तोटीचं त्याच सकाळी अर्धवट राहिलं. तिच्यात वायसर नसतं, काड्रिज असतं. आत सिरॅमिकच्या दोन चकत्या, त्यांना अर्धचंद्रासारखी भोकं. एक चकती फिरते, भोकं समोरासमोर आली की पाणी, बाजूला गेली की बंद. खाली एक रबरी कडी. मुठीवरचं रंगीत बटण उचकटून स्क्रू काढला, काड्रिज सोडवलं. चकत्यांमध्ये रेतीचा कण आणि क्षार होता, रबरी कडी चपटी झालेली. लिंबूसत्वात बुडवून, धुऊन परत बसवलं तर थेंब कमी झाले, पण थांबले नाहीत. तिथे मी अडलो. काड्रिज नुसतं 'अर्ध्या इंची' म्हणून विकत आणता येत नाही. दांडीच्या वरच्या दात्यांची संख्या, दांडीची लांबी, आणि ती उजवीकडे बंद होते की डावीकडे, हे सगळं जुळावं लागतं. या काड्रिजला वीस दाते होते. ते मोजून, लांबीचा फोटो काढून मी जुनंच काड्रिज परत लावलं, म्हणजे घरचा नळ चालू राहील.

## थेंब परत आला

सहाव्या दिवशी ताईंचा फोन. "भाऊ, मोरीतली परत गळून राहिली. मोजले मी, मिनिटाले बारा." त्यांनी फोन करायच्या आधी स्वतःच मोजलं होतं, हे मला फार मोलाचं वाटलं. बारा थेंब म्हणजे दिवसाला साडेतीन लिटर. १८ वरून साडेतीनवर आलं म्हणजे काम बरंच झालं, असं समजून सोडून देता आलं असतं. पण दहा रुपयांचं नवं वायसर आठवड्यात गळायला लागतं तेव्हा दोष वायसरात नसतो. बारा थेंबांचे पुढे पंचवीस होणार, हे ठरलेलं होतं.

पुढच्या कोरड्या सकाळी परत गेलो. डोकं उघडलं, माझं आठवड्यापूर्वीचं वायसर काढून तळहातावर घेतलं. त्यावर बैठकीच्या कडेचा गोल ठसा उमटलेला होता. सबंध गोल नव्हता. एका जागी, घड्याळात चार वाजतात तिथे, ठसा तुटलेला, आणि त्या तुटलेल्या जागेतून रबरावर बारीक नख लागल्यासारखी चीर बाहेर गेलेली. मोरीच्या कोपऱ्यात दगडाजवळ मी मागच्या वेळी टाकलेला चपलेच्या रबराचा तुकडा अजून पडलेला होता. तो धुतला, उजेडात धरला. त्यावरही तुटलेला गोल होता, आणि तशीच चीर.

दोन वेगळ्या वायसरांवर एकच खूण, म्हणजे ती खूण वायसरची नाही, बैठकीची. टॉर्च लावून आत पाहिलं आणि करंगळीचं टोक बैठकीवरून फिरवलं. एका जागी बारीक खाच लागली. तोटी महिनोन् महिने गळत राहिली की पाणी एकाच फटीतून जोरानं जातं, सोबत रेतीचे कण असतात, आणि पितळेत हळूहळू चर पडतो. त्यावर कितीही नवं वायसर दाबा, पहिले काही दिवस मऊ रबर त्या खाचेत शिरतं आणि पाणी अडतं. पुढे रबर घट्ट होतं, चरातून पाणी वाट काढतं आणि रबरही कापतं. माझ्या दुरुस्तीनंतरचे पाच दिवस तसेच गेले होते.

आता दोनच रस्ते होते. बैठक घासून सपाट करायची, नाहीतर तोटी बदलायची. तोटी बदलायची तर निपलची धास्ती कायम होती, म्हणून मी दर्यापुरातल्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडून सीट कटर मागून आणला. हे हातानं फिरवायचं हत्यार आहे. डोकं काढल्यावर त्याच आट्यांत ते बसवतात आणि खालचं दातेरी टोक बैठकीला टेकवून मूठ फिरवतात. हलक्या हातानं, एकाच दिशेनं, तीन-चार फेरे. जोर दिला तर दाते उड्या मारतात आणि बैठकीवर लाटा उठतात, मग आधीची खाचच बरी होती म्हणायची वेळ येते. तीन फेऱ्यांनंतर काढून बोट फिरवलं, खाच पुसट लागली. अजून दोन फेरे दिले, बैठक सगळीकडून सारखी चमकली.

पितळेचा कीस आत राहिला तर तो नव्या वायसरात रुततो. टाकी कोरडी, नळानं धुता येत नव्हतं. थेंब मोजायला वापरलेली सिरिंज परत कामी आली. पिण्याच्या माठातलं पाणी भरून पाच-सहा वेळा आत मारलं आणि कीस तोंडातून बाहेर काढला. नवं वायसर बसवलं, डोकं आवळलं. स्वयंपाकघरात वीस दात्यांचं नवं काड्रिज बसवलं. ते १८० रुपयांना मिळालं होतं. टाकी कोरडी होतीच, तेव्हा वरचा जाम वॉलही काढून नवा बसवून टाकला. मागच्या वेळी तो सामानात असता तर तेव्हाच झालं असतं.

## निष्पत्ती

पाणी आल्यावर दोन्ही तोट्यांखाली तासभर कोरडे पेले ठेवले. दोन्ही कोरडे राहिले. ताईंनी त्या रात्री आणि आठवड्यानं परत तेच केलं.

पुढच्या दोन फेऱ्यांमध्ये टाकी चौथ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत चालली. आंघोळी झाल्या. तरी नऊ ते बारा कोरडं राहतंच. थेंबांचा हिशेब ५५-६० लिटरचा होता, त्यातून साधारण तेवढीच वेळ भरून निघाली. उरलेली तूट वापराची आहे, तोटीची नाही. कपडे आणि मोरी धुणं त्यांनी चौथ्या दिवशी बोअरच्या वेगळ्या नळीवर घेतलं, खारं पाणी टाकीत चढवणं बंद केलं. त्यानं तोट्यांवरचा थरही कमी बसेल. दुसरी टाकी घेतली नाही. वायसरं, दोरा, काड्रिज आणि वॉल मिळून सामानाचा खर्च पाचशेच्या आत राहिला.

## वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी जुनं रबर काढल्यावर मी ते न बघता कोपऱ्यात टाकलं. ते चपलेचं आहे एवढं दिसलं, आणि दोष सापडला असं मी धरून चाललो. तोच तुकडा पालथा करून उजेडात धरला असता तर तुटलेला गोल तेव्हाच दिसला असता, आणि एक खेप, एक वायसर आणि आठवडाभराचं पाणी वाचलं असतं. आता मी काढलेलं प्रत्येक वायसर आधी धुतो आणि ठसा बघतो. ठसा पूर्ण गोल आणि सारख्या खोलीचा असेल तर नुसतं वायसर बदलून भागतं. एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ असेल तर जंपर वाकडं बसतंय किंवा दांडी वाकली आहे. कुठे तुटलेला असेल तर बैठक घासल्याशिवाय डोकं परत लावू नये.

स्वयंपाकघरातली तोटी तरुण आहे, म्हणून मी तिच्याकडे कमी लक्ष दिलं. पहिल्या भेटीतच मूठ काढून दाते मोजले असते, तर चौथ्या दिवशी काड्रिज हातात असतं. टाकी भरलेली असतानाही मूठ काढता येते. आतलं काड्रिज सोडवलं नाही तर पाणी येत नाही.

मोजमापात एक कच्चा दुवा राहिला. दिवसा तिसरा हिस्सा बादलीत सापडतो, हा अंदाज बोलण्यावरून घेतलेला आहे. एक दिवस त्या बादलीचं पाणी वेगळं मोजायला हवं होतं. तो हिस्सा अर्धा असता, तर वाया जाणारं पाणी फेरीला ४५ लिटरच्या आसपास आलं असतं आणि मी टाकीच्या तुटीचं थोडं जास्तच खापर तोटीवर फोडलं, असं झालं असतं.

बैठकीचंही सांगून आलो आहे. घासली की पितळ कमी होतं, या तोटीत अजून एकदा, फार तर दोनदा घासण्याइतकं उरलं आहे. त्यानंतर तोटी बदलावी लागेल आणि तेव्हा भिंतीतल्या निपलला हात घालावाच लागेल. दिवाळीला घराची रंगरंगोटी काढणार आहेत. प्लास्टर तसंही खरवडायचं आहे, तेव्हाच ते निपल बदलून घ्या असं दादांना म्हटलं. त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

आजी आता तोटी दोन बोटांनी बंद करतात. मी गेलो की मुद्दाम बंद करून दाखवतात आणि खाली हात धरून थेंबाची वाट पाहतात.